गाडीच्या स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो अडकतं: अडॅप्टर बदलावा की केबल?

प्रश्न: "गाडी २०१९ची आहे. कंपनीच्या स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो फक्त केबलने चालतं, म्हणून ऑनलाइन वायरलेस अडॅप्टर घेतला. सोसायटीतून निघालो की पहिली पाच-सात मिनिटं नकाशा अडकत चालतो, गाणं तुटतं, मग आपोआप ठीक होतं. दुपारी लांब गेलो की पूर्ण बंद पडून परत जोडलं जातं. केबल लावली तर एरवी छान, पण खड्डा आला की सुटतं. दुसरा अडॅप्टर घेऊ, की चांगली केबल घेऊन गप्प बसू?"

यात एक नाही, तीन वेगळे दोष आहेत आणि तिन्हींचं मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. निघतानाचं अडकणं बहुधा घरच्या वायफायमुळे होतंय. दुपारचं बंद पडणं उष्णतेमुळे किंवा अडॅप्टरला वीज कमी पडत असल्यामुळे. खड्ड्यात सुटणं म्हणजे केबल आणि पोर्ट यांची पकड सैल झाली आहे. 'बहुधा' म्हणतोय, कारण फोन कोणता आहे, तो गाडीत कुठे ठेवता, अडॅप्टर कुठल्या कप्प्यात आहे, यावर बरंच अवलंबून आहे. पण तिन्ही गोष्टी एक रुपया न घालवता तपासता येतात, आणि त्या तपासल्याशिवाय नवीन काहीही घेऊ नका.

आधी आत काय चालतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं पटेल. अँड्रॉइड ऑटोत गाडीचा स्क्रीन स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. नकाशा, गाण्यांची यादी, बटणं हे सगळं फोन काढतो, त्याचा व्हिडिओ बनवतो, तो दाबून लहान करतो आणि गाडीकडे पाठवत राहतो. स्क्रीन तो व्हिडिओ उलगडून दाखवतो. तुम्ही बोट लावलं की 'इथे बोट लागलं' एवढाच निरोप फोनकडे जातो, फोन नवीन चित्र काढतो आणि ते परत पाठवतो. केबल असेल तर हा प्रवास फोन आणि गाडी एवढाच. तुमच्याकडे मधे अडॅप्टर आहे. गाडीला वाटतं केबलने फोनच लावलाय, आणि फोनला वाटतं ही वायरलेसवाली गाडी आहे. फोन आणि अडॅप्टर सुरुवातीला ब्लूटूथवरून एकमेकांना ओळखतात, वायफायचं नाव आणि पासवर्ड ठरवतात आणि मग सगळं चित्र आणि गाणी वायफायवरून जातात, तेही सहसा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. अडकतंय म्हणजे वेग कमी पडतोय असं वाटतं आणि 'जास्त फास्ट' लिहिलेला अडॅप्टर घेतला जातो. या व्हिडिओला सेकंदाला काही मेगाबिट पुरतात, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्याच्या कितीतरी पट वाहून नेतं. प्रश्न वेगाचा नसून सातत्याचा आहे. सेकंदाला ३० चित्रं धरली तर दर ३३ मिलीसेकंदांनी एक चित्र पोचायला हवं. फोनचं वायफाय २०० मिलीसेकंद दुसऱ्या कामात गुंतलं तर सहा चित्रं उशिरा येतात. नकाशा तेवढा वेळ थिजतो आणि मग उडी मारून पुढे जातो. तुम्ही ज्याला अडकणं म्हणताय ते हेच.

यावरून हेही कळेल की थोडा उशीर हा दोष नाही. अडॅप्टरवर बोट लावल्यावर चित्र हलायला केबलपेक्षा किंचित जास्त वेळ लागणारच. 'पुढचं गाणं' दाबल्यावर साधारण सेकंदभर जुनंच गाणं ऐकू येणं हेही नेहमीचं, कारण आवाज तुटू नये म्हणून अडॅप्टर थोडा साठा करून मग वाजवतो. बऱ्याच अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये 'मीडिया डिले' असतो. तो कमी केला की बटण लवकर लागू होतं, पण आवाज तुटण्याची शक्यता वाढते. दोन्ही एकदम मिळत नाही. उशीर रोज सारखाच असेल तर सोडून द्या. मधेच वाढत असेल, चित्र थांबत असेल, तर शोधायला हवं.

आता निघतानाच्या पाच-सात मिनिटांकडे येऊ. गाडी पार्किंगमध्ये असते तेव्हा फोन घरच्या वायफायला जोडलेला असतो. तुम्ही गाडी सुरू करता, अडॅप्टर जागा होतो, फोन त्याच्याही वायफायला जोडला जातो. बऱ्याच फोनमध्ये वायफायचा रेडिओ एकच असतो. घरचा राउटर एका चॅनेलवर आणि अडॅप्टर दुसऱ्या चॅनेलवर असेल, तर तो रेडिओ थोडा वेळ इथे, थोडा वेळ तिथे असा उड्या मारतो. घरच्या राउटरकडे असेल तेवढा वेळ तुमचा नकाशा थांबतो. गाडी गेटबाहेर पडली तरी घरचा सिग्नल क्षीण होऊन पूर्ण तुटेपर्यंत फोन त्याला धरून ठेवायचा प्रयत्न करतो, नंतरही काही वेळ ओळखीची नेटवर्क शोधत राहतो. मग तो नाद सोडतो आणि सगळं सुरळीत होतं. 'आपोआप ठीक होतं' या तुमच्या वाक्यावरूनच मला हे सुचलं. अडॅप्टर खराब असता तर तो पाच मिनिटांनी सुधारला नसता.

तपासणी सोपी आहे. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कवर जाऊन 'ऑटो कनेक्ट' बंद करा आणि त्यातून बाहेर पडा. वायफाय मात्र चालूच ठेवा, ते बंद केलं तर वायरलेस अँड्रॉइड ऑटो चालणारच नाही. मग पार्किंगमध्ये गाडी सुरू करून नेहमीच्या रस्त्याने जा. अडकणं गेलं तर कारण सापडलं. रोज हाताने बंद करायचा कंटाळा येत असेल, तर काही फोनमध्ये ठरावीक वेळी किंवा गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेल्यावर आपोआप काम करणारे 'रूटीन' लावता येतात. निघण्याच्या वेळेआधी घरचं नेटवर्क सुटेल असं एक रूटीन बनवून ठेवा.

याच जातीची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे मोबाइल हॉटस्पॉट. मागे बसलेल्या मुलांच्या टॅबसाठी तुमच्याच फोनचा हॉटस्पॉट चालू असेल, तर त्याच रेडिओवर दोन संसार चालतात आणि चित्र अडकतं. हॉटस्पॉट दुसऱ्याच्या फोनवरून द्या. दुसरं म्हणजे वायफायवाला डॅशकॅम. तो अडॅप्टरच्याच चॅनेलवर असेल तर दोघे एकमेकांना थांबवतात. डॅशकॅमचं वायफाय फक्त क्लिप उतरवायची असेल तेव्हाच लावा. ते शक्य नसेल तर अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये चॅनेल बदला. ३६ वर असेल तर १४९ करून बघा, १४९ वर असेल तर ३६. सेटिंगचं पान फोनच्या ब्राउझरमध्ये किंवा अडॅप्टरच्या अ‍ॅपमध्ये उघडतं, पत्ता सोबतच्या कागदावर असतो. स्वस्त अडॅप्टरमध्ये चॅनेल बदलायची सोयच नसते, आणि माझ्या मते दुसरा घ्यायची वेळ आली तर वेगापेक्षा हे आधी बघावं.

पुढे जाण्याआधी एक फरक नीट लक्षात घ्या, कारण याच्यामुळे चांगले अडॅप्टर नाहक परत पाठवले जातात. गाणं तुटणं हा दर वेळी जोडणीचा दोष नसतो. तुम्ही गाणी इंटरनेटवरून ऐकत असाल आणि घाटात रेंज गेली, तर केबलवरही गाणं थांबेल. त्या वेळी स्क्रीनला हात लावून बघा. यादी सुळसुळीत वर-खाली होत असेल तर जोडणी उत्तम आहे, फक्त नेट नाही. तसंच निळा बाण मागे राहणं किंवा शेजारच्या सर्व्हिस रोडवर उडी मारणं हे जीपीएसचं काम आहे. द्रुतगती मार्गावरच्या भाताण किंवा कामशेत बोगद्यात बाण चुकला म्हणून अडॅप्टरला दोष देऊ नका. आणि चित्र व्यवस्थित असून फोनवरचं बोलणं तेवढं तुटत असेल, तर बघायचं ते ब्लूटूथ, कारण अँड्रॉइड ऑटोत कॉलचा आवाज ब्लूटूथवरून जातो, केबल लावलेली असली तरी. म्हणून कुठलीही तपासणी करताना चार-पाच गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, त्या भागाचा ऑफलाइन नकाशाही घ्या आणि तेच वापरा. म्हणजे नेटचा संशय आधीच बाजूला होतो.

आता दुपारचं. इथे दोन संशयित आहेत, आणि कोण ते स्क्रीनकडे बघून ओळखता येतं.

पहिला संशयित फोनची उष्णता. वायरलेसवर फोन एकाच वेळी नकाशा चालवतो, व्हिडिओ बनवतो, वायफायवर सतत पाठवतो आणि मोबाइल डेटाही ओढतो. त्यात तो डॅशबोर्डवर काचेखाली उन्हात असेल किंवा वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर असेल तर भर पडते. पॅडवर बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि ती थेट फोनच्या पाठीला लागते. फोन तापला की आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो, मग प्रोसेसर हळू करतो. या शेवटच्या टप्प्यात चित्र अडकू लागतं आणि त्यापुढे जोडणी तुटते. म्हणजे उष्णतेचा दोष हळूहळू वाढत येतो. आधी अर्धा तास बरा, मग अडखळतो, मग बंद. फोन हातात घेतल्यावर चटका बसतो.

दुसरा संशयित वीज. अडॅप्टर गाडीच्या यूएसबी पोर्टवर चालतो. जुन्या पोर्टमधून ५ व्होल्टला ०.५ अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट मिळतात. साधारण कामाला तेवढे पुरतात, पण अडॅप्टरही तापला किंवा वायफायवर जास्त जोर आला की तो त्या मर्यादेपाशी जातो, व्होल्टेज पडतं आणि अडॅप्टर रीस्टार्ट होतो. हा दोष हळूहळू येत नाही. चित्र एकदम छान असताना झटक्यात जातं. अडॅप्टरचा दिवा विझून पुन्हा लागतो, किंवा स्क्रीनवर अडॅप्टरचं स्वतःचं सुरुवातीचं चित्र दिसतं, आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं परत येतं. दिवा न विझता नुसतं 'जोडत आहे' असं दिसत राहिलं तर तो वायफाय तुटण्याचा किंवा फोनचा दोष. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी गाडी असेल आणि तुटणं नेमकं सुरू होतानाच होत असेल, तर तेही व्होल्टेजच. एक दिवस ती सोय बटणाने बंद ठेवून बघा.

'बंद पडून परत जोडलं जातं' हे तुमच्या वर्णनात दोन्हींना लागू पडतं, म्हणून पुढच्या वेळी तेवढं दिव्याकडे बघा, पण ते शेजारी बसलेल्याला सांगा. तुम्ही रस्त्याकडे बघा.

उष्णता असेल तर उपाय असा. फोन पॅडवरून काढा आणि एसीच्या जाळीसमोर, सावलीत ठेवा. चार्जिंग हवंच असेल तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये १५ ते २० वॅटचा चार्जर लावून केबलने करा, आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या वर असताना करूच नका. जाड कव्हर काढा. अडॅप्टर बंद कप्प्यात कागदपत्रांखाली दबला असेल तर बाहेर काढा, तोही तापतो. वीज असेल तर दोन टोकांची केबल मिळते. एक टोक गाडीच्या डेटा पोर्टला जातं आणि दुसरं १२ व्होल्टच्या चार्जरला, म्हणजे अडॅप्टर डेटा गाडीकडून घेतो आणि वीज चार्जरकडून. ती घेताना विकणाऱ्याला विचारा की चार्जरची वीज उलटी गाडीच्या पोर्टमध्ये जात नाही ना. तशी खात्री नसलेली केबल लावू नका.

फोन थंड आहे, दिवा विझत नाही, तरी तुटतंय, असं झालं तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये बघा. आपल्याकडे खपणारे बरेच फोन पार्श्वभूमीत चालणारी अ‍ॅप बॅटरी वाचवण्यासाठी मारून टाकतात. 'अँड्रॉइड ऑटो', 'गूगल प्ले सर्व्हिसेस' आणि नकाशाचं अ‍ॅप या तिघांना बॅटरीचं बंधन नको असं ठरवा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. त्यानंतर फोनमधून आणि अडॅप्टरमधून दोन्हीकडून जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा. एकाच बाजूने पुसलं तर जुनी माहिती दुसऱ्या बाजूला राहते आणि दोघे एकमेकांना अर्धवट ओळखत बसतात.

राहिली केबल. खड्ड्यात सुटणं हा यातला सगळ्यात स्वस्तात सुटणारा दोष आहे. सुटेल तेव्हा फोनवरची चार्जिंगची खूण जाते का ते बघा. खूणही गेली तर प्लगची सगळीच पकड सुटतेय. खूण राहिली आणि फक्त स्क्रीन गेला तर विजेच्या तारा ठीक आहेत, डेटाच्या तारांत गोंधळ आहे, म्हणजे केबल आतून तुटत आलेली आहे किंवा ती मुळात डेटासाठी नीट बनवलेली नाही. 'फास्ट चार्जिंग' लिहिलं म्हणजे डेटा चांगला असं होत नाही. काही केबलमध्ये तर डेटाच्या तारा नसतातच, पण तुमचं एरवी चालतंय, म्हणजे तुमच्या केबलमध्ये त्या आहेत.

पकड सुटत असेल तर आधी फोनचं पोर्ट बघा. फोन बंद करा, मोबाइलच्या टॉर्चने नव्हे तर चांगल्या उजेडात आत डोकवा. खिशातला कापसाचा भुगा पोर्टच्या तळाशी दाबून दाबून घट्ट थर होतो आणि प्लग शेवटपर्यंत आत जातच नाही. बसताना 'टक' असं जाणवत नाही आणि प्लगच्या मानेपाशी धातूची बारीक पट्टी दिसत राहते. लाकडी टूथपिकने मधल्या पातळ पट्टीला न दुखावता कडेकडेने भुगा काढा. टाचणी किंवा सुई घालू नका. मी ज्या गाड्या बघतो त्यांत 'केबल खराब' म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. तरीही प्लग डुगडुगत असेल तर दुसरा फोन त्याच केबलवर लावा. तोही डुगडुगला तर केबल बदला, नाही डुगडुगला तर फोनचं पोर्ट झिजलंय आणि ते दुरुस्तीच्या दुकानातच बदलून मिळेल. गाडीच्या बाजूचं टोकही असंच हलवून बघा.

नवी केबल घ्याल ती एक मीटरपेक्षा लांब नको. गूगलही तीन फुटांच्या आतली केबल सांगतं आणि मधे हब किंवा एक्स्टेन्शन लावू नका म्हणतं. लांब तारेत सिग्नल क्षीण होतो आणि प्रत्येक जोड ही सुटायची आणखी एक जागा असते. प्रमाणित, नावाजलेल्या कंपनीची घ्या. फोन ठेवायची जागा अशी निवडा की केबलला थोडा ढिलाव राहील. ताणलेली केबल प्रत्येक खड्ड्यात प्लगला बाहेर ओढते. आणि गाडीत दोन-तीन पोर्ट असतील तर ज्यावर फोनचं चिन्ह किंवा यूएसबीची त्रिशूळासारखी खूण आहे तेच डेटाचं. नुसती वीज किंवा बॅटरीचं चित्र असलेलं पोर्ट फक्त चार्जिंगचं असतं.

एक शक्यता उरते: स्वच्छ पोर्ट, नवी आखूड केबल, थंड फोन, उतरवलेली गाणी, आणि तरीही नकाशा अडखळतोय. तसं झालं तर दोष गाडीच्या स्क्रीनकडे आहे, आणि अडॅप्टर कितीही महागडा घेतला तरी तो तसाच राहील. स्क्रीन एकदा पूर्ण रीस्टार्ट करा, सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अपडेट आहे का विचारा. तुमचं केबलवर एरवी छान चालतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुमचा स्क्रीन यातून सुटला.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. आज फोनचं पोर्ट साफ करा आणि घरच्या वायफायचं ऑटो कनेक्ट बंद करून अडॅप्टरवरच सकाळी एक फेरी मारा. दुपारच्या फेरीला फोन पॅडवरून काढून एसीसमोर ठेवा आणि दिव्यावर लक्ष राहू द्या. एक मीटरची चांगली केबल तशीही घेऊन ठेवा. उन्हाळ्यातल्या लांब प्रवासाला मी केबलच सुचवेन, कारण वायफायवर सतत पाठवण्याचं काम वाचल्याने फोन कमी तापतो. फक्त जुन्या पोर्टवर नकाशा चालू असताना बॅटरी वाढण्याऐवजी जागच्या जागी राहिली तर घाबरू नका, त्या अडीच वॅटांत तेवढंच भागतं. भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला अडॅप्टर उत्तम, फोन खिशातून काढायचीही गरज नाही. आणि थंड सकाळी, घरचं वायफाय बंद असताना, चॅनेल बदलूनही तो अडकलाच, तर तो बदला. परत करायची मुदत संपायच्या आत या फेऱ्या उरकून घ्या.